रिफ्रेशनंतर आकडा घसरला, की अहवालच आले नाहीत?

आरोग्य केंद्रांचे अहवाल गोळा करणाऱ्या DHIS2 या प्रणालीतला तालुकावार तापरुग्णांचा मासिक डॅशबोर्ड रात्री रिफ्रेश होतो आणि सकाळी नकाशावर एखादा तालुका एकदम फिकट दिसतो. रुग्ण घटले की अहवाल अडकले, हे रंग सांगत नाही. त्यासाठी रुग्णसंख्येशेजारी आलेल्या अहवालांची टक्केवारी हवी, आणि ती लावण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

सुरुवात छेदापासून करा. `Expected reports` म्हणजे डेटा सेट, अर्थात केंद्राने दरमहा भरायचा फॉर्म, जितक्या केंद्रांना जोडला आहे, तितके अहवाल. बंद पडलेले उपकेंद्र जोडलेलेच राहिले तर तालुका कधीच १०० टक्क्यांवर जाणार नाही. नवे केंद्र जोडायचे राहिले तर त्याची उणीव दिसणारच नाही. म्हणून चालू केंद्रांची यादी तालुक्याकडून मागवून एकेक नाव जुळवा.

मग अंश. `Actual reports` मध्ये आकडे मोजले जात नाहीत, फॉर्म `Complete` केल्याच्या नोंदी मोजल्या जातात. त्यामुळे आकडे भरून बटण न दाबलेले केंद्र 'आले नाही' ठरते आणि रिकाम्या फॉर्मवर बटण दाबलेले केंद्र 'आले' ठरते. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तिथे टक्केवारीच दिशाभूल करते. महत्त्वाचे रकाने सक्तीचे करा. शून्याला अर्थ असलेल्या घटकांना `Store zero data values` लावा. नाहीतर टाकलेला शून्य साठवलाच जात नाही आणि तो रकाना न भरल्यासारखा दिसतो.

आता एक कल्पित तालुका घ्या. केंद्रे १२. जुलैत बाराही अहवाल आले, रुग्ण ४८०. ऑगस्टच्या रिफ्रेशनंतर रुग्ण २१०, म्हणजे निम्म्याहून कमी. पण अहवाल आलेत ५, म्हणजे ४२ टक्के. त्याच ५ केंद्रांचे जुलैचे रुग्ण काढले तर भरतात २००. म्हणजे घट नाहीच, किंचित वाढ आहे. तुलना नेहमी अशी, दोन्ही महिन्यांत अहवाल दिलेल्या केंद्रांपुरतीच करावी. २१० ला ४२ टक्क्यांनी भागून 'खरा' आकडा काढण्याचा मोह मात्र टाळा. उरलेली ७ केंद्रे तेवढीच मोठी असतील असे नाही.

उलटही घडते. १२ पैकी ११ अहवाल, ९२ टक्के, सगळे छान. पण राहिलेले एक केंद्र ग्रामीण रुग्णालय निघाले आणि तालुक्याचे निम्मे रुग्ण तिथेच नोंदवले जात असतील, तर ते ९२ टक्के फसवे. म्हणून टक्केवारीखाली न आलेल्या केंद्रांची नावेही द्या.

जिल्ह्याची टक्केवारी तालुक्यांच्या टक्केवारींची सरासरी नसते. ४ पैकी ४ आणि ४० पैकी १० अहवाल आले, तर सरासरी ६२.५ दिसते, खरे उत्तर ४४ पैकी १४, म्हणजे ३२.

मांडताना '२१० (१२ पैकी ५ अहवाल)' असे एकाच चौकटीत लिहा. नकाशावर ८० टक्क्यांखालचे तालुके करडे ठेवा, फिकट नव्हे. मर्यादा आपल्या सोयीची घ्या, पण आधीच ठरवा. शेवटच्या रिफ्रेशची तारीख-वेळही छापा. सकाळी आलेला अहवाल पुढच्या रिफ्रेशपर्यंत टक्केवारीत येत नाही, आणि वेळ लिहिलेली नसली की 'आम्ही तर भरलंय' म्हणणारे फोन सुरू होतात.