कन्सोलची थर्मल पेस्ट बदलली

गेम सुरू केला की थोड्याच वेळात जुन्या कन्सोलचा पंखा घोंघावायचा आणि मशीन तापून बंद पडायचं. वॉरंटी संपली होती, म्हणूनच उघडलं. ती चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आत हात लागून काही बिघडलं तर कंपनी सहसा ते भरून देत नाही.

चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धूळ गच्च बसली होती. ती ब्रशने काढली. चिपवरची, उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी. हीटसिंक सरळ ओढला तर चिपला इजा होऊ शकते, म्हणून हलका पिळत सोडवला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी पेस्ट लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. आता पंखा शांत आहे.

मात्र काही कन्सोलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते, थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो. तिथे मी हात घालणार नाही.