पॉलिशवाला रोबोट टकटक करतो? आधी स्टिफनेस मोजा

यवतमाळकडच्या एका वर्कशॉपमध्ये दालमिलचे स्टीलचे हॉपर बनतात, त्यांच्या पॉलिशिंगला लावलेल्या रोबोट आर्मचं काम मी बघतो. डिप्लोमा करून नवीन पोरं येतात अन् पॅड पत्र्यावर टकटक आपटताना दिसला की पहिल्याच दिवशी गेन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले कंट्रोलचे आकडे, हलवत बसतात. बावा, थांब जरा.

आपला आर्म पोझिशनवर चालतो, दाब त्याला कळत नाही. म्हणून मनगटाला फोर्स सेन्सर लावतो अन् एवढंच सांगतो:

```
v = (Fd - F) / B
```

`Fd` म्हणजे हवा तो दाब, आमच्याकडे 15 न्यूटन. `F` सेन्सरचा, `v` पत्र्याकडे जायचा वेग. `B` म्हणजे डॅम्पिंग, तो जितका मोठा तितका आर्म सावकाश हलतो. `B` किती ठेवायचा हे ठरतं पॅड किती कडक आहे अन् सिग्नलला किती उशीर होतो यावर, अंदाजपंचे नाही.

कडकपणा मोजायला पॅड पत्र्याला टेकवा अन् 0.1 मिमीने खाली नेत दाब लिहीत जा, पण 15 न्यूटनच्या आसपासचाच उतार धरा, कारण फोम दबला की कडक होत जातो. समजा कडक पॅडला 20 न्यूटन प्रति मिमी, म्हणजे 20000 न्यूटन प्रति मीटर आलं अन् एकूण उशीर 20 मिलिसेकंद आहे. तर दाब ओव्हरशूट न होता बसायला `B` साधारण 2.7 × 20000 × 0.02, म्हणजे 1080 लागतो (न्यूटन-सेकंद प्रति मीटर). मधे जाड फोम टाकून 2 न्यूटन प्रति मिमी केलं की 108 पुरतो.

फरक कुठे दिसतो? हॉपरच्या पत्र्याला पोचा आला अन् पॅड पुढे सरकताना पृष्ठभाग सेकंदाला 5 मिमी वर चढला, तर दाब `B` गुणिले हा वेग एवढा जास्त पडतो. कडक पॅडला 5.4 न्यूटन, फोमला अर्धा न्यूटन. म्हणून मी तरी आधी फोम बदलतो, सॉफ्टवेअरला नंतर हात लावतो. फक्त एक, `B` कमी असला की हवेत आर्म सुसाट येतो, 15 भागिले 108 म्हणजे सेकंदाला जवळपास 139 मिमी, तर टेकेपर्यंत वेगाला 10 मिमीची मर्यादा घालून ठेवा.

टकटक एकसारखी चालू असेल, ना वाढते ना विझते, तर एका ठोक्याचा काळ मोजा, त्याचा चौथा भाग म्हणजे तुमचा खरा उशीर. आमच्याकडे एकाने मोटरच्या थरथरीवर इलाज म्हणून 10 हर्ट्झचा फिल्टर टाकला अन् टकटक सुरू झाली, तो म्हणे, "भाऊ, सेन्सर खराब हाय." सेन्सर ठीकच होता, फिल्टरनेच अंदाजे 16 मिलिसेकंद वाढवले होते, तेव्हा `B` पण जवळपास दुप्पट करावा लागला.

अन् सेन्सरचा शून्य सेट करताना टूल ज्या कोनात असेल तेवढ्याच कोनासाठी तो खरा असतो. 800 ग्रॅमचं टूल सरळ असताना शून्य केलं अन् मग 30 अंश तिरपं केलं तर एक न्यूटन इकडेतिकडे, म्हणून टूलचं वजन प्रोग्रॅममध्ये टाकून कोनाप्रमाणे वजा करून घ्या.