घराचा तोटा पगारातून वजा करताना या चुका टाळा

गृहकर्जाचं व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं की 'घरापासूनचं उत्पन्न' या शीर्षाखाली तोटा येतो, आणि तो पगारातून वजा करता येतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढच्या तीन नियमांत मात्र लोक दरवर्षी त्याच त्या चुका करतात: वर्षाला २ लाखांची मर्यादा, उरलेला तोटा कशातून वजा होतो, आणि हे सगळं कोणत्या करप्रणालीत चालतं. खालचं सगळं १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या रिटर्नसाठी आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

आधी एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढच्या चुका त्यावरच दाखवता येतील. एका नोकरदाराचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. भाडं महिना २२,०००, म्हणजे वर्षाला २,६४,०००. त्याने स्वतः भरलेली घरपट्टी १४,०००. उरले २,५०,०००. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट ७५,०००, उरले १,७५,०००. बँकेच्या दाखल्याप्रमाणे वर्षाचं व्याज ४,६५,०००. म्हणून तोटा २,९०,०००. जुन्या करप्रणालीत यातले २,००,००० त्या वर्षीच्या पगारातून वजा होतील आणि ९०,००० पुढे जातील.

इथेच एक सर्रास होणारा गोंधळ सांगून टाकतो. भाड्याच्या घराच्या व्याजावर मर्यादा नाही, वर पाहिलंत तसं ४,६५,००० चं सगळं व्याज हिशेबात आलं. मर्यादा आहे ती तोटा दुसऱ्या शीर्षातून वजा करण्यावर, कलम ७१(३अ) प्रमाणे, कर निर्धारण वर्ष २०१८-१९ पासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला जी २ लाखांची मर्यादा आहे, ती कलम २४(ब) मधली वेगळी गोष्ट. दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे लोक भाड्याच्या घराचं व्याजही सुरुवातीलाच २ लाखांवर कापतात. मग भाड्याच्या १,७५,००० मधून २,००,००० वजा करून फक्त २५,००० तोटा दाखवतात. एका ओळीच्या चुकीने १,७५,००० ची त्या वर्षीची वजावट गेली आणि पुढे जाणारे ९०,००० ही गेले. हिशेब करताना व्याजाचा आकडा पूर्ण लिहा, मर्यादा सगळ्यात शेवटी लावा.

मर्यादा प्रत्येक घराला वेगळी नसते. राहतं घर, भाड्याची दोन घरं, सगळ्यांचा नफा-तोटा आधी एकमेकांत वळता होतो, आणि निव्वळ जो तोटा उरतो त्यातले २ लाखच इतर उत्पन्नातून जातात. नवरा-बायको सहमालक आणि सहकर्जदार असतील, तर मात्र प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र.

आता ती चूक, जी सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि समजावून सांगितल्यावरही माणसाला पटत नाही.

वरच्याच नोकरदाराने दुसऱ्या वर्षी कर्जाचा मोठा भाग मुदतीआधी फेडला. भाडं आणि घरपट्टी तीच, व्याज २,९५,००० वर आलं. म्हणजे १,७५,००० वजा २,९५,०००, तोटा १,२०,०००. तो म्हणतो, मर्यादा २ लाखांची आहे, या वर्षी १,२०,००० वापरले, ८०,००० शिल्लक आहेत. मग गेल्या वर्षीच्या ९०,००० मधले ८०,००० या वर्षीच्या पगारातून का वजा करू नयेत? ऐकायला रास्त वाटतं, पण चूक आहे. २ लाखांची सवलत फक्त त्याच वर्षात झालेल्या तोट्याला आहे. एकदा तोटा पुढच्या वर्षात गेला की तो कलम ७१ब खाली येतो आणि त्यानंतर त्याला पगाराचा दरवाजा कायमचा बंद होतो. तो फक्त 'घरापासूनचं उत्पन्न' याच शीर्षाखालच्या नफ्यातून वजा होतो, तेही पुढच्या आठ कर निर्धारण वर्षांपर्यंतच. रिकामी राहिलेली मर्यादा साठवता येत नाही, आणि मागच्या तोट्याने ती भरताही येत नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी १,२०,००० पगारातून जातील आणि ९०,००० तसेच पडून राहतील. तिसऱ्या वर्षी व्याज १,३५,००० झालं, तर घरापासून ४०,००० नफा येईल. तेव्हा कुठे त्या ९०,००० मधले ४०,००० वापरले जातील, त्या वर्षी घराच्या उत्पन्नावर कर शून्य होईल आणि ५०,००० पुढे उरतील. पुढे ओढलेल्या तोट्याचा उपयोग हा असा आणि इतकाच आहे: कर्ज संपत आलं, भाडं वाढलं, की मग तो कामाला येतो. घर विकलंत तर त्या विक्रीच्या भांडवली नफ्यातून तो वजा होत नाही. दुसरं घर भाड्याने दिलेलं असेल तर त्याच्या भाड्यातून मात्र होतो.

रिटर्नच्या फॉर्ममध्ये हे तीन वेगळ्या तक्त्यांत दिसतं. `Schedule CYLA` मध्ये या वर्षीचा तोटा पगारातून जातो, `Schedule BFLA` मध्ये मागचा तोटा फक्त घराच्या ओळीसमोर येतो, आणि `Schedule CFL` मध्ये पुढे काय जाणार ते वर्षवार असतं. सबमिट करण्याआधी हे तिन्ही तक्ते स्वतः वाचा. `CFL` मध्ये आकडा नसेल तर तोटा पुढे गेलेला नाही, मग तुमच्या वहीत काहीही लिहिलेलं असो. माझी पद्धत अशी आहे की दरवर्षीच्या रिटर्नचं पीडीएफ आणि रिटर्न तपासून आयकर विभाग पाठवतो ती कलम १४३(१) ची सूचना एकत्र ठेवायची आणि सूचनेतला पुढे जाणारा तोटा रिटर्नशी ताडून पाहायचा. पुढच्या वर्षी आधीच भरून आलेल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

तोटा पुढे न्यायचा असेल तर आयटीआर-१ भरू नका. त्या फॉर्ममध्ये तोटा पुढे नेण्याची सोयच नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. सोपा फॉर्म म्हणून घाईने आयटीआर-१ उरकणाऱ्यांचे ९०,००० तिथेच राहतात.

दुसरी मोठी चूक अर्धवट माहितीतून येते. "घराचा तोटा उशिरा रिटर्न भरला तरी पुढे नेता येतो" असं अनेकांनी वाचलेलं असतं. कायद्यात ते खरंच आहे: उशिरा भरल्यावर तोटा बुडतो, ही कलम ८० ची अट धंद्याच्या आणि भांडवली तोट्याला आहे, कलम ७१ब ला नाही. पण कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर नोकरदाराने ती रिटर्नमध्येच निवडायची असते, आणि ते रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं असावं लागतं. मुदत चुकली की जुनी प्रणाली गेली. नव्या प्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण त्यातून आलेला तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. राहत्या घराचं व्याज तर अजिबात मिळत नाही. म्हणजे उशिरा रिटर्न भरणाऱ्याचे २,००,००० ही गेले आणि ९०,००० ही गेले. कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला काय सांगितलं होतं, त्याने बिघडत नाही. कंपनीने नव्या प्रणालीने कर कापला असला तरी मुदतीत रिटर्न भरताना जुनी निवडता येते.

पण निवडावी का? ३० टक्क्यांच्या टप्प्यात २ लाखांच्या तोट्याने सेस धरून ६२,४०० वाचतात. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून लोक जुनी प्रणाली धरून बसतात, आणि पूर्ण हिशेब करत नाहीत. आपल्या नोकरदाराचं पहिलं वर्ष २०२५-२६ आहे आणि एकूण पगार १४,५०,००० आहे असं धरू. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, २,००,००० घराचा तोटा आणि ८०सी चे १,५०,००० गेल्यावर करपात्र १०,५०,०००. कर सेससकट १,३२,६००. नव्या प्रणालीत ७५,००० प्रमाणित वजावट, घरापासून शून्य, करपात्र १३,७५,०००. कर सेससकट ८९,७००. तोट्याचा एक रुपयाही न वापरता नवी प्रणाली ४२,९०० ने स्वस्त पडली.

जुनी प्रणाली परवडायला याच माणसाला आणखी १,८१,२५० पेक्षा जास्त वजावट लागेल. स्वतःचा फ्लॅट भाड्याने देऊन तो दुसऱ्या शहरात भाड्याने राहत असेल, तर घरभाडे भत्त्याची करमाफी, आरोग्य विम्याचा हप्ता आणि एनपीएसचे जादा ५०,००० मिळून तो आकडा ओलांडला जाऊ शकतो. स्वतःच्या वडिलोपार्जित घरात राहणाऱ्याला सहसा जमत नाही. म्हणून दोन्ही हिशेब कागदावर करा. पुढे जाणाऱ्या ९०,००० ला किंमत देताना, घराचा नफा आठ वर्षांत येणार आहे का हे कर्जाच्या परतफेडीच्या तक्त्यात बघा. कर्जाची पंधरा वर्षं बाकी असतील आणि व्याज भाड्याच्या दुप्पट असेल, तर ते ९०,००० बहुधा वापरलेच जाणार नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. हप्त्याची पूर्ण रक्कम व्याज म्हणून लिहू नका, मुद्दल ८०सी मध्ये जाते. डिसेंबरमध्ये कंपनीला दिलेला अंदाजी दाखला रिटर्नसाठी वापरू नका, एप्रिलनंतर बँकेचा अंतिम दाखला काढा, दोन्हीत फरक असू शकतो. घरपट्टी भाडेकरूने भरली असेल किंवा त्या वर्षी भरलीच नसेल, तर ती वजा होत नाही. घराचा ताबा मिळण्याआधीचं व्याज पाच वर्षांत पाच समान भागांत येतं आणि तोही भाग याच तोट्यात धरला जातो. फॉर्म १६ मध्ये कंपनीने २ लाख तोटा दाखवला म्हणून रिटर्नमध्ये तोच एक आकडा टाकून मोकळं होऊ नका. `Schedule HP` मध्ये भाडं, घरपट्टी, व्याज आणि कर्जाचा तपशील, बँक व कर्ज खाते क्रमांकासह, पूर्ण भरा. कंपनी २ लाखांच्या वरचा तोटा बघतच नाही, त्यामुळे पुढे जाणारा भाग फक्त या तक्त्यातूनच जन्माला येतो.