बीड बदललं, बिडाचं राहिलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पंप कंपनीचं बारा पानी ब्रोशर इंग्रजीतून मराठीत करायचं, हे इंटर्न म्हणून माझं पहिलं मोठं काम. आमचे सर म्हणाले, "आधी भाषांतर उरकून घे, शब्द नंतर एकसारखे करू." हा सल्ला कोणी दिला तर मान डोलवा, पण ऐकू नका.

कास्ट आयर्नला आपल्याकडे बीड म्हणतात. घरात बिडाचा तवा असतोच, म्हणून मी सगळीकडे बीड लिहिलं. शेवटी ठरलं, 'ओतीव लोखंड' हवं. मी 'बीड' शोधून एका झटक्यात बदललं आणि निर्धास्त झाले. प्रूफ निपाणीच्या एका डीलरकडे गेलं, तर त्यांचा फोन: "तक्त्यात ओतीव लोखंड, खाली बिडाची केसिंग. दोन क्वालिटी आहेत काय? महाग कुठली?"

झालं होतं असं. विभक्ती लागली की बीडमधली दीर्घ ई ऱ्हस्व होते: बिडाचा, बिडाची, बिडाला. कॉम्प्युटरच्या लेखी 'बीड' आणि 'बिड' ही वेगळी अक्षरं, त्यामुळे तक्त्यातलं सुटं बीड तेवढं बदललं, वाक्यातलं जिथल्या तिथे राहिलं. उलट 'झडप' सापडते, पण तिच्या जागी व्हॉल्व्ह घातला की 'झडपेचा'चं 'व्हॉल्व्हेचा' होतं आणि 'मोठी व्हॉल्व्ह बसवली आहे' असं वाक्य छापायला जातं. झडप ती, व्हॉल्व्ह तो. विशेषण-क्रियापद कोण बदलणार?

म्हणून आता भाषांतराआधी वही काढते. इंग्रजी शब्द, ठरलेला मराठी शब्द, त्याचं लिंग, सामान्यरूप आणि वापरायचे नाहीत ते शब्द. शेवटी त्या नको असलेल्या शब्दांची सगळी रूपं एकेक करून शोधते: 'बीड' वेगळं, 'बिडा' वेगळं. 'सगळे बदला'चं बटण मी दाबतच नाही. बारा पानांना अर्धा तास लागतो, घाबरण्यासारखं काही नाही.

एकच शब्द ठेवायच्या नादात वेगळ्या वस्तूही एक करू नका. पंपाच्या आत फिरणारा इंपेलर एसजी आयर्नचा होता. तेही ओतूनच करतात, पण त्यातलं ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, म्हणून साध्या बिडासारखं ते पटकन तडकत नाही. त्यालाही ओतीव लोखंड लिहिणार होते, फाउंड्रीतल्या काकांनी अडवलं. काका शब्दकोशापेक्षा बरे, चहा मात्र पाजावा लागतो.

मालकांचं मनोगत उलट, मराठीतून इंग्रजीत न्यायचं होतं. त्यात 'पंपाचा दाब ३० मीटर' होतं आणि मी सरळ प्रेशर लिहिलं. काका हसले. "दाब मीटरात मोजतात काय गं? हेड की ते, पाणी किती उंच चढतंय ते." वहीत त्या दिवशी दोन ओळी वाढल्या.