क्लोरीन बरोबर दाखवतंय, तरी शिडीमागे हिरवं का?

सावंतवाडी-दोडामार्गाकडून येऊन गोव्यातल्या छोट्या रिसॉर्टच्या पूलवर लागलात की पीएच आणि क्लोरीन मोजायला पहिल्याच दिवशी शिकवतात. सायन्युरिक अ‍ॅसिड मोजायला सहसा कोणी शिकवत नाही, आणि भर सीझनमध्ये नवा माणूस अडकतो तो तिथेच.

आपण रोज टाकतो ती पांढरी पावडर किंवा गोळी बहुतेक ठिकाणी टीसीसीए असते. तिच्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिडही पाण्यात जातं. त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. उघड्या पूलला ते थोडं हवंच, नाहीतर इथल्या उन्हात सकाळचं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. ३० ते ५० पीपीएम असलं की काम भागतं. पण क्लोरीन रोज खर्च होतं आणि हे मागे राहतं. ऊन त्याला घालवत नाही, वाळूचा फिल्टरही अडवत नाही. प्रमाण वाढलं की बरंचसं क्लोरीन ते स्वतःला बांधून ठेवतं. किटमध्ये आकडा दिसतो, पण शेवाळ आणि जंतू मारायला मोकळं क्लोरीन फारच थोडं उरतं.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल पूल धरा. पाणी झालं ६५,००० लिटर. रोज २०० ग्रॅम टीसीसीए टाकलं तर पावणेतीन पीपीएमच्या आसपास क्लोरीन मिळतं, आणि सायन्युरिक साधारण १.७ पीपीएमने वाढतं. म्हणजे ऑक्टोबरात ताज्या पाण्याने सुरुवात केली तर डिसेंबरात, ऐन गर्दीत, ते शंभराजवळ पोचलेलं असतं. बॅकवॉशमध्ये जातं तेवढंच कमी. सायन्युरिक शंभर असेल तर किटमधला फ्री क्लोरीनचा आकडा साडेसातच्या आसपास लागतो आणि आपण दोन बघून समाधानी असतो.

लक्षणं आधी दिसतात. शिडीमागचा सावलीतला कोपरा हिरवट होतो, पायऱ्या बोटाला बुळबुळीत लागतात, आणि दिवसभर ऊन असूनही संध्याकाळचा आकडा सकाळच्या आकड्यापासून फारसा हलत नाही. अशा वेळी सप्लायरचा माणूस ‘अजून दोन मुठी टाक’ म्हणतो. ऐकू नका, त्याच पावडरीने सायन्युरिक आणखी वाढणार आहे. मूठ हे मापच नाही, वजनकाटा ठेवा.

सायन्युरिकच्या चाचणीत पाणी दुधाळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. किट शंभरलाच थांबत असेल तर पूलचं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेऊन आलेला आकडा दुप्पट करा. आठवड्यातून एकदा पुरे.

वाढलेलं सायन्युरिक उतरवायचा भरवशाचा उपाय एकच: पाणी बदलणं. एक तृतीयांश काढून भरा, पंप चालवून पाणी नीट मिसळू द्या, मग पुन्हा एक तृतीयांश. १०० चे ६७ होतात, ६७ चे ४५. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका, पावसाळ्यात आणि लगेच नंतर तर नाहीच. किनारपट्टीला भूजल वर असतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते. टँकर विहिरीचा असेल तर आधी बादलीभर पाण्यात थोडं क्लोरीन टाकून बघा. तांबूस झालं तर त्यात लोह आहे.

नंतर काही आठवडे लिक्विड सोडियम हायपोक्लोराइट वापरा. १० टक्क्यांचं १.३ लिटर म्हणजे या पूलला २ पीपीएम. पाहुणे बाहेर पडल्यावर, पंप चालू ठेवून टाका आणि सकाळी उघडण्याआधी तपासा. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा: टीसीसीए तो खाली खेचतं, हायपो वर नेतं. दोन्हींचे डबे आणि माप वेगवेगळं ठेवा. टीसीसीएच्या ओल्या मापाने हायपो किंवा ब्लीचिंग पावडर काढली तर विषारी वायू सुटतो, भडकाही होऊ शकतो. हायपोत अ‍ॅसिड तर कधीच नाही.

या सगळ्याचा देखरेखीशी थेट संबंध आहे. हिरवट पाणी पुढे गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात तळाशी गेलेला माणूस काठावरून दिसत नाही. बुडणारा ओरडत नाही, बहुतेकदा गुपचूप खाली जातो. सर्वात खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर पूल बंद, गेटला कुलूप. मॅनेजर कुरकुरला तरी बंद. पाण्यावर नजर ठेवणाऱ्याने त्या वेळी टॉवेल वाटायचे नाहीत, ऑर्डर घ्यायची नाही, क्लोरीनही मोजायचं नाही. दहा सेकंदांत पूर्ण पूल नजरेखालून जाईल आणि वीस सेकंदांत कुठल्याही माणसापाशी पोचता येईल, अशी जागा धरून उभं राहायचं. चाचणीसाठी हलावं लागलं तर दुसरा माणूस जागेवर आल्यावरच हला.