‘समजलं का?’ विचारून भागत नाही: मुलांना स्वतःचा अभ्यास तपासायला शिकवताना या चुका टाळा

मी पुण्यात नववीला विज्ञान शिकवते. ‘गतीचे नियम’ या धड्याच्या 20 गुणांच्या घटक चाचणीआधी मी मुलांना पेपरच्या कोपऱ्यात आपले अपेक्षित गुण लिहायला सांगितले. एका मुलीने 16 लिहिले, मिळाले 9. “बाई, मी धडा चार वेळा वाचला होता,” ती रडवेली होऊन म्हणाली. ती खरंच बोलत होती.

माझी पहिली चूक इथेच होती. धडा संपला की लगेच मी “समजलं का?” विचारायचे. नुकतंच वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि पुस्तक मिटल्यावरही ते आठवेल असं मुलं धरून चालतात. नेल्सन आणि डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये दाखवून दिलं की हाच अंदाज थोडा वेळ जाऊ देऊन, उत्तर न दाखवता फक्त प्रश्न समोर ठेवून घेतला तर बराच अचूक येतो. म्हणून आता मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. पुस्तक बंद. आधी प्रत्येकापुढे ‘येईल’, ‘अर्धं येईल’ किंवा ‘नाही येणार’ लिहायचं, मगच सोडवायचं. ‘येईल’ लिहून चुकलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण घरी मूल तो पुन्हा उघडणारच नसतं.

दुसरी चूक म्हणजे पेपर वाटून, पालकांची सही मागून पुढच्या धड्याला लागणं. पेपर हातात असतानाच दहा मिनिटं द्या आणि गेलेला प्रत्येक गुण का गेला ते मुलांनाच लिहू द्या. त्या मुलीचे 11 गुण असे गेले होते: गणितात 5, ‘कारणे द्या’मध्ये 4 आणि एकक न लिहिल्याने 2. ताशी 72 किमी वेगाची गाडी 10 सेकंदांत थांबते, तर त्वरण किती? तिने सरळ 72 ला 10 ने भागलं होतं. आधी 72 किमी/तास म्हणजे 20 मी/सेकंद करायला हवं होतं. मग उत्तर −2 मी/से² येतं. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं तिने नुसती वाचली होती, एकही झाकून सोडवलं नव्हतं.

यावरूनच पुढचं नियोजन ठरतं. ‘7 ते 8 विज्ञान’ असं वेळापत्रक लिहून घेऊ नका, त्यात काय करायचं तेच नसतं. तिने लिहिलं: “रोज दोन उदाहरणं उत्तर झाकून. आकडे घालण्याआधी एकक बघायचं.” पुढच्या चाचणीत तिचा अंदाज 13 होता, मिळाले 12. गुण तीनच वाढले, पण अंदाजातली चूक सातवरून एकावर आली. मला जास्त आनंद त्याचा झाला.

एक मात्र सांभाळा. अंदाजाला गुण देऊ नका आणि तो वर्गात मोठ्याने वाचू नका. नाहीतर मुलं मुद्दाम कमी आकडा लिहितात. आणि ज्याला भागाकारच येत नाही, त्याला असे अंदाज लिहायला लावण्याआधी भागाकार शिकवा.