रखडलेल्या क्लेमचं स्मरणपत्र: लिहायला बसण्याआधीची तयारी

रुग्णालयाचं बिल स्वतः भरून नंतर परताव्यासाठी टाकलेला क्लेम अडकला, की आधी एक तारीख शोधून काढा: विमा कंपनीला तुमचा शेवटचा कागद कधी मिळाला. क्लेम टाकल्याची तारीख तितकी कामाची नसते. निकाल देण्याची मुदत सहसा शेवटचा आवश्यक कागद हाती आल्यापासून मोजतात, त्यामुळे मध्येच आणखी एखादा कागद मागितला गेला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पत्रात हीच तारीख ढिली राहिली, तर ‘कागदपत्रांची तपासणी चालू आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि पत्र वाया जातं.

समजा, १२ मार्चला फाइल दिली. २८ मार्चला कंपनीने औषधांच्या बिलांसोबतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागितल्या. त्या २ एप्रिलला पाठवल्या आणि ३ एप्रिलला पोच आली. पॉलिसीत मुदत ३० दिवसांची असेल, तर ती ३ मेला संपली. १० मेला पत्र लिहिताना ‘दोन महिने झाले’ असं लिहू नका. ‘३ मेला मुदत संपून आज सात दिवस झाले’ असं लिहा. दोन महिन्यांवर वाद घालता येतो, सात दिवसांवर येत नाही. अर्थात ३० हा आकडा इथे उदाहरणापुरता आहे. तुमचा आकडा पॉलिसीच्या पुस्तिकेत क्लेमच्या प्रकरणात सापडेल. तो कलम क्रमांकासह उतरवून घ्या.

प्रत्येक तारखेमागे पुरावा हवा. कुरिअरची पावती म्हणजे पाठवल्याचा पुरावा, मिळाल्याचा नव्हे. डिलिव्हरीची नोंद वेगळी काढून ठेवा. पोर्टलवर कागद चढवले असतील तर जरा जपून, कारण तिथली पोच पुष्कळदा फक्त ‘कागदपत्रे प्राप्त’ एवढंच सांगते, कोणती ते नाही. फाइलींची नावं आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फोनवर झालेलं बोलणं पुरावा म्हणून फारसं टिकत नाही. तरी तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक नोंदवा, आणि त्याच दिवशी ‘आज फोनवर मला असं सांगण्यात आलं’ असा दोन ओळींचा ईमेल टाका.

आता क्रमांक. खरा घोळ इथेच होतो. पॉलिसी क्रमांक उपचाराच्या वेळी चालू असलेल्या वर्षाचा द्या, कारण नूतनीकरणानंतर तो काही वेळा बदलतो. क्लेम क्रमांक वेगळा. क्लेमची तपासणी त्रयस्थ संस्थेकडे असेल, तर तिचा स्वतःचा आणखी एक क्रमांक असतो. दोन्ही द्या, आणि कोणता कोणाचा तेही लिहा. कॉल सेंटरने दिलेला तक्रार क्रमांक म्हणजे क्लेम क्रमांक नव्हे. ती तक्रार ‘निकाली’ दिसली तरी क्लेम जागचा हललेला नसतो. विषयाच्या ओळीत क्लेम क्रमांक पहिला आला पाहिजे. बाकीचे पत्राच्या डोक्यावर, एका ओळीत एक.

मजकूर एका पानात बसवा. आजाराची हकिकत पुन्हा सांगायची गरज नाही, ती फाइलीत आहे. तारखांचा छोटा तक्ता द्या: तारीख, काय झालं, कोणता पुरावा जोडला. मग मागणी. क्लेम मंजूर असेल तर रक्कम आणि जमा होण्याची तारीख कळवा. कागद कमी असतील तर सगळ्यांची यादी एकाच वेळी लेखी द्या. नामंजूर असेल किंवा रक्कम कापली असेल तर पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते सांगा. यातली मधली मागणी सर्वांत मोलाची, कारण दर पंधरवड्याला एकेक कागद मागण्याची वाट तीच बंद करते. ‘लवकरात लवकर’ला काही अर्थ नसतो. ‘२० मेपर्यंत’ असं लिहा, आणि त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जाणार हेही साध्या शब्दांत कळवा.

पाठवण्याआधी पोर्टलवरची स्थिती एकदा पाहून घ्या. क्वचित तिथे ‘रक्कम अदा’ असं दिसतं आणि खात्यात मात्र काहीच नसतं. खातेदाराचं नाव न जुळल्यामुळे किंवा खाते क्रमांकातला आकडा चुकल्यामुळे पैसे परत गेलेले असू शकतात. अशा वेळी पत्राचा रोखच बदलतो: उशिराची तक्रार बाजूला ठेवून बँक व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख मागा, आणि खात्याचा पुरावा पुन्हा जोडा.

जोडपत्रांना क्रमांक घालून सगळ्यांची एकच पीडीएफ करा, आणि फाइलीचं नाव क्लेम क्रमांकावरूनच ठेवा. मूळ कागद पाठवू नका. ते आधीच कंपनीकडे गेले असतील तर कोणते आणि कधी, ते तक्त्यात नोंदवा. नवा ईमेल सुरू न करता कंपनीच्या शेवटच्या ईमेललाच उत्तर द्या, म्हणजे जुना पत्रव्यवहार खाली आपोआप राहतो. छापील प्रत पोचपावतीच्या टपालाने पाठवा आणि पोच हाती आली की तिची तारीख त्याच तक्त्यात पुढच्या ओळीत भरा.